दुपारी दीडशे रुपयांत ॲडचा निकाल लावणारा रूल

प्रश्न: "भाऊ, मी सावद्याचा. मित्राच्या केळी रोपांच्या नर्सरीच्या फेसबुक ॲड बघतो. एका कॅम्पेनमधे सहा ॲड सेट, प्रत्येकी रोज ३०० रु., लीड साधारण ८० ला पडते. 'आज १५० खर्च झाला आणि लीड शून्य, तर बंद' असा रूल लावला, आणि कॅम्पेनचा खर्च २००० वर गेला की नोटिफिकेशन. आता रोज दोन-तीन ॲड सेट दुपारीच बंद पडतात, मी सकाळी परत चालू करतो. मधूनच २००० पार झाल्याची नोटिफिकेशन येते तेव्हा घाबरून सगळंच बंद करतो. ॲड खराब आहेत का रूल चुकतोय?"

भाऊ, ॲड खराब आहेत असं या आकड्यांवरून तरी म्हणता येत नाही. आणि रूल पण चुकत नाहीये, तुम्ही सांगितलं तेच तो इमानदारीत करतोय. गडबड त्या दीडशेच्या आकड्यात आहे आणि 'आज' या शब्दात आहे. खरी अडचण त्याच्याही मागे आहे, तुमचं बजेट सहा जागी वाटल्यामुळे कुठल्याच ॲड सेटबद्दल एका दिवसात काही ठरवता येईल एवढा डेटाच जमत नाही, तिकडे शेवटी येतो.

आधी एक सांगून ठेवतो. तुमच्या लीड फेसबुकच्याच फॉर्ममधून येतात असं मी धरून चाललोय, म्हणजे माणसानं फॉर्म भरला की लीड लगेच मोजली जाते. वेबसाइटवर खरेदी किंवा बुकिंग होत असेल तर माणूस आज क्लिक करून परवा घेतो, तिथं 'आज शून्य' याला अजूनच कमी अर्थ. आणि लीड ८० ला पडते हा तुमचा आकडा निदान तीन-चार आठवड्यांचा असावा, चार दिवसांचा असेल तर पुढचं सगळं गणित ढिलं होईल.

आता दीडशेचं बघू. लीड सरासरी ८० ला पडते म्हणजे दर ८० रुपयांनी एक लीड टपकते असं नसतं ना. कधी वीस रुपयात दोन येतात, कधी दोनशे जाऊन एक पण नाही. चांगली ॲड सुद्धा निव्वळ योगायोगानं रिकामी जाऊ शकते आणि ती किती वेळा जाईल हे ढोबळमानानं काढता येतं. एक्सेल उघडा आणि हे टाका:

```
=EXP(-150/80)
```

उत्तर येतं ०.१५ च्या आसपास. म्हणजे खरोखर ८० ला लीड देणारी, काहीही दोष नसलेली ॲड पहिल्या १५० रुपयांत शून्य लीड देईल याची शक्यता १५ टक्के. एका ॲडसाठी एका दिवशी १५ टक्के काही फार वाटत नाही. पण तुमच्याकडे सहा आहेत आणि तपासणी रोज होते. सहाही एकदम निरोगी असतील तरी त्यातला निदान एक ॲड सेट आज मरण्याची शक्यता निघते ६३ टक्के. आणि कुठलाही एक ॲड सेट धरा, तो आठवड्यात निदान एकदा बंद पडण्याची शक्यता ६९ टक्के. म्हणजे तुमच्या रूलनं 'कमजोर' म्हणून काढलेल्या ॲडमधे कमजोर किती आणि नशीब खराब असलेल्या किती हे त्या रूलला पण माहीत नाही आणि तुम्हाला पण नाही.

भागाकारातला वरचा आकडा वाढवा मग फरक दिसेल. १५० ऐवजी २४० ठेवले, म्हणजे लीडच्या भावाच्या तिप्पट, तर चांगली ॲड चुकून मरण्याची शक्यता ५ टक्क्यांवर येते. चौपट, म्हणजे ३२०, तर २ टक्क्यांच्या आत. मी स्वतः चौपटीच्या खाली 'शून्य लीड म्हणून बंद' असा रूल लावत नाही. क्लायंट म्हणतो एवढे पैसे वाया घालवायचे का, तर हो, तेवढे घालवायचे, कारण त्याच्या आत खरी खराब ॲड आणि चांगली ॲड यांच्यातला फरक ओळखायची सोयच नाहीये. ज्याला ३२० रुपये जड वाटतात त्यानं ॲडची संख्या कमी करावी, रूल कडक करू नये.

पण एवढ्यानं तुमचा हिशोब पूर्ण जुळत नाही. योगायोगानं रोज सरासरी एक ॲड सेट बंद पडायला पाहिजे, तुमचे दोन-तीन पडतात. उरलेल्याचं कारण घड्याळात आहे असं मला वाटतं, आणि ते तुम्ही अकाउंटमधेच तपासू शकता. रिपोर्टमधे Breakdown मधे जाऊन वेळेनुसार, म्हणजे तासाप्रमाणे बघा. केळीवाला शेतकरी सकाळी बागेत असतो. मोबाइल खिशात असतो, मधेमधे रील बघतो, ॲडवर बोट पण मारतो, पण नाव, गाव, किती एकर असला फॉर्म भरत उभा राहत नाही. ते काम होतं संध्याकाळी घरी आल्यावर. त्यात शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसाची कधी रात्रीची, म्हणजे मोटार चालू करायला माणूस रात्री जागा असेल त्या दिवसांत तर लीड अकरा-बारा वाजता पण येतात. मार्च ते मे मधे हेच चित्र थोडं पालटतं, कारण आपल्याकडच्या उन्हात दुपारी बाहेर कोण थांबतं, तेव्हा दुपारी घरात पडल्या पडल्या फॉर्म भरले जातात. म्हणजे हा नमुना पण वर्षभर एक राहत नाही.

समजा दुपारपर्यंत तुमची लीड १३० ला पडते आणि संध्याकाळनंतर ५८ ला. दिवसाचा अर्धा अर्धा खर्च धरला तर सरासरी बरोबर ८० येते. पण रूल निकाल लावतो दुपारी, तेव्हा ८० चा भाव नाहीच, १३० चा आहे. आता =EXP(-150/130) करा, ३२ टक्के येतं. सहा ॲड सेटला ३२ टक्के म्हणजे रोज सरासरी दोन. झालं ना, तुमचे रोजचे दोन तर इथंच सापडले.

आणि यात नुकसान कुठं होतं ते नीट बघा. बंद पडलेल्या ॲड सेटनं महागाच्या वेळेचे १५० रुपये खर्च केले, आणि स्वस्त लीडची वेळ यायच्या आत तुम्ही त्याचं शटर ओढलं. मग आठवड्याच्या शेवटी रिपोर्टमधे त्या ॲड सेटचा लीडचा भाव खरंच वाईट दिसतो. तुम्ही म्हणता बघा, रूल बरोबर होता. रूलनंच तो भाव वाईट केला आणि मग स्वतःच्या बाजूनं साक्ष दिली. ऑटोमॅटिक रूलवर विसंबण्यात मला सगळ्यात जास्त धोका हाच वाटतो, कारण यात कुठंच एरर येत नाही, रिपोर्ट पण खोटा नसतो, आणि तरीही निष्कर्ष उलटा निघतो.

याच जागी अजून एक तपासा, अकाउंटचा टाइम झोन. मेटाच्या रूलमधला 'आज' म्हणजे तुमचा आज नव्हे, ॲड अकाउंटचा आज. बऱ्याच जणांचं अकाउंट घाईत कोणीतरी उघडलेलं असतं आणि टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून जातो. तसं असेल तर तुमचा 'आज' आपल्याकडे दुपारी साडेबाराला सुरू होतो, त्यांच्या हिवाळ्यात दीड वाजता. मग रूल कधी काय मोजतोय याचा काही ताळमेळच लागत नाही. टाइम झोन बदलायचा तर जुनं अकाउंट बंद होऊन नवं उघडतं, त्यामुळे ते उठसूट करू नका, पण माहीत तर पाहिजे.

आता बरेच जण सल्ला देतात की शून्य लीडचा रूल काढ आणि त्याच्याऐवजी 'लीडचा भाव २०० च्या वर गेला तर बंद' असा लाव. ऐकायला बरोबर वाटतं. पण लीड शून्य असेल तर भाव निघणार कसा? खर्चाला शून्यानं भागता येत नाही, म्हणून तो आकडाच तयार होत नाही, रिपोर्टमधे तिथं डॅश दिसतो. अट जुळत नाही आणि रूल गप्प बसतो. म्हणजे एक लीड देऊन २१० खर्च केलेली ॲड बंद होते आणि एकही लीड न देता ९०० खाल्लेली आरामात चालू राहते. गूगल ॲड्समधे पण तेच, तिथं शून्य कन्व्हर्जनला Cost / conv. शून्यच दाखवतो, आणि शून्य काही २०० पेक्षा मोठा नाही. म्हणून हे दोन वेगळे रूल लागतात, एक साफ मेलेल्या ॲडसाठी आणि एक महाग झालेल्या ॲडसाठी, आणि दोघांची कामं वेगळी ठेवायची.

खर्चाच्या नोटिफिकेशनकडे येतो, कारण तिथं तुम्ही घाबरून सगळं बंद करताय आणि त्यानं रूलपेक्षा जास्त नुकसान होतंय. रोजचं बजेट ३०० म्हणजे मेटा रोज ३०० वरच थांबेल असा त्याचा अर्थ नाही. एखाद्या दिवशी ते बजेटच्या ७५ टक्के जास्त खर्च करू शकतात, म्हणजे एका ॲड सेटला ५२५ पर्यंत, अट एवढीच की आठवड्याचा हिशोब सात दिवसांच्या बजेटच्या वर जायला नको. तुमच्या सहाचे मिळून रोजचे १८०० होतात, तर एखाद्या दिवशी ३१५० पर्यंत जाणं हे त्यांच्या नियमात बसतं आणि आठवड्याला १२६०० च्या पुढं जात नाही. गूगलवर तर एका दिवसात दुप्पट जाऊ शकतं, महिन्याची मर्यादा रोजच्या बजेटच्या ३०.४ पट. म्हणजे तुमची २००० ची घंटा चोर आल्यावर वाजत नाहीये, घरचाच माणूस जरा उशिरा आला तरी वाजतेय. अशी घंटा दहा वेळा ऐकली की अकराव्यांदा कोणी उठत नाही, आणि अकराव्यांदा कदाचित खरंच कोणीतरी ३०० च्या पुढं एक शून्य जास्त टाकलेलं असतं.

त्यात गंमत अशी की तुमचा पहिला रूल ॲड सेट दुपारी बंद करतो म्हणून आठवड्याचं बजेट शिल्लक राहतं, आणि शिल्लक असलं की मेटाला दुसऱ्या एखाद्या दिवशी जास्त खर्च करायला जागा मिळते. म्हणजे दुसऱ्या रूलची घंटा काही प्रमाणात पहिलाच रूल वाजवत असू शकतो.

दोन रूल एकमेकांच्या पायात पाय कसे घालतात ते एका अकाउंटमधे मी अगदी जवळून बघितलंय, शेती अवजारांच्या एका डीलरचं होतं, दुसऱ्याकडून माझ्याकडे आलेलं. आकडे सोपे पडावे म्हणून तुमच्यासारखेच गोल करून सांगतो. तिथं बजेट ॲड सेटवर नव्हतं, कॅम्पेनवर होतं, १८०० रोज, आणि मेटा ते सहा ॲड सेटमधे आपल्या मर्जीनं वाटत होतं. रूल एक, १५० खर्च आणि शून्य लीड तर बंद. रूल दोन, एका ॲड सेटचा आजचा खर्च ४०० वर गेला तर बंद, कारण 'अचानक खर्च वाढला'. सकाळी दोन ॲड सेट रूल एकनं बंद पडले, ३०० रुपये गेले. राहिलेले १५०० आता सहा ऐवजी चारात वाटले जाणार, म्हणजे सरासरी ३७५. पण वाटणी कधी समान नसते, ज्याला लीड येताहेत त्याला मेटा जास्त देतं, तो ४०० पार झाला, रूल दोननं तो बंद. आता ११०० उरले आणि ॲड सेट तीन. परत त्यातला जो बरा चालतोय तो ४०० पार, बंद. ७०० उरले, ॲड सेट दोन, परत तेच. रात्री, लीडची खरी वेळ झाल्यावर, चालू राहिला होता एकटाच आणि तो सगळ्यात मरतुकडा होता, कारण कमी खर्च करतो म्हणून कोणत्याच रूलच्या तावडीत सापडला नाही.

त्या अकाउंटमधे प्रत्येक रूल सुटा बघितला तर समजदारीचाच वाटतो. हे ओळखायचं असेल तर Automated rules च्या पानावर Activity नावाची यादी असते, तिथं कुठल्या रूलनं कधी काय बंद केलं ते वेळेसकट दिसतं. ती यादी आणि त्या दिवशीच्या लीड शेजारी शेजारी ठेवा. आधी रूल एकच्या नोंदी, मग तासा-दोन तासात रूल दोनच्या, आणि रूल दोननं बंद केलेल्यांकडेच त्या दिवसाच्या जास्त लीड, असा क्रम दिसला की समजायचं रूल एकमेकांना ढकलताहेत. म्हणून खर्च वाढला या कारणासाठी मी कधीच काही बंद करायला लावत नाही, फक्त कळवायला लावतो.

मग खरंच पैसे उधळले जायची वेळ आली तर अडवणार कोण? रूल नाही. मेटाचा कंटिन्युअस म्हणजे सतत चालणारा रूल पण खरं तर साधारण अर्ध्या-एक तासानं तपासतो, आणि बजेटमधे शून्य जास्त पडलं असेल तर तेवढ्या वेळात बरंच जातं. शिवाय अकाउंट हॅक झालं तर जो माणूस नवीन कॅम्पेन बनवतो तो तुमचा रूल पण बंद करू शकतो, आणि रूल निवडक कॅम्पेनवर लावलेला असेल तर नवीन कॅम्पेनला तो लागूच नाही. खरा ब्रेक पैशाच्या बाजूला असतो. बिलिंगमधे Account spending limit टाका, ती संपली की सगळ्या ॲड थांबतात, जोवर तुम्ही स्वतः वाढवत नाही. त्याहून चांगलं म्हणजे प्रीपेड अकाउंट, यूपीआयनं आठवड्यापुरते पैसे भरायचे, जीएसटी धरून. त्यात नाहीतच तर जाणार कुठून. हॅक करणाऱ्याला लिमिट काढता येईल, पण तुमच्या यूपीआयचा पिन त्याच्याकडे नाही.

आता तुमच्या अकाउंटचं मी काय करेन ते सांगतो. सहा ॲड सेट आधी दोन करा, ९०० चे दोन, आणि सगळ्या ॲड त्यांच्या आत टाका. कारण मेटाला एका ॲड सेटच्या शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर यायला आठवड्यात साधारण ५० लीड लागतात. ३०० रोज आणि ८० चा भाव म्हणजे आठवड्याला २६, ते कधी बाहेर येणारच नाहीत. ९०० मधे ७९ होतात, व्यवस्थित. एका ॲड सेटमधे चार-पाच ॲड असल्या की कमजोर ॲडला मेटा स्वतःच पैसे कमी देतं, म्हणजे रूलचं अर्धं काम तसंच संपतं. हे करताना दोन-चार दिवस भाव वर-खाली होईल, तेवढं सहन करायचं. आणि एखादा ॲड सेट सात दिवस किंवा जास्त बंद ठेवून परत चालू केला तर त्याचं शिकणं पहिल्यापासून सुरू होतं, तेही लक्षात असू द्या.

त्यावर तीनच रूल, ॲड आणि ॲड सेटच्या पातळीवर:

```
1) Ad: last 7 days, Spent > 320, Results < 1 → Turn off
2) Ad: last 7 days, Spent > 1600, Cost per result > 160 → Send notification only
3) Ad set: today, Spent > 1600 → Send notification only
```

पहिला फक्त साफ मेलेल्या ॲडसाठी. ज्या ॲडनं आठवड्यात एक जरी लीड दिली तिला तो हात लावत नाही, म्हणून त्याला बंद करायचा अधिकार दिलेला चालतो. दुसऱ्यात १६०० खर्च म्हणजे २० लीड यायला पाहिजे होत्या आणि १० पण नाही आल्या, असं निव्वळ योगायोगानं दोनशेत एखाद्या वेळी होतं, म्हणजे काहीतरी बिघडलंय. पण काय बिघडलंय ते माणसानं बघायचं. तिसऱ्यात ९०० चे नियमाप्रमाणे १५७५ होऊ शकतात, त्याच्यावर गेलं म्हणजे बजेटला कोणीतरी हात लावलाय. पहिले दोन दिवसातून एकदा, सकाळी ठरलेल्या वेळेला चालवा, तिसरा सतत. शेवटच्या सात दिवसांचा पर्याय निवडताना त्यात आजचा दिवस धरलाय का नाही ते तिथंच वाचून घ्या, मला आज नसलेला बरा वाटतो. आणि सुरवातीचे दोन आठवडे पहिला रूल पण फक्त नोटिफिकेशनवर ठेवा. तो जी ॲड बंद करा म्हणेल तिचं नाव वहीत लिहा, चालू राहू द्या, पुढच्या आठवड्यात तिनं काय केलं ते बघा. अशा दोन-तीन ॲड पुढं ८०-९० ला लीड देऊ लागल्या तर ३२० चा आकडा अजून वाढवायचा.

रोज सकाळी 'चालू करा' असा उलटा रूल मात्र लावू नका, बरेच जण लावतात. बंद कोणी केलं हे त्याला कळत नाही. रूलनं बंद केलेली ॲड पण तो चालू करेल आणि मागच्या हंगामाचा भाव लिहिलेली, तुम्ही मुद्दाम बंद ठेवलेली ॲड पण. लावायचाच असेल तर ॲडच्या नावात एखादी खूण घाला आणि रूलमधे 'नावात ही खूण असेल तरच' अशी अट टाका.

अजून एक, आणि नर्सरीच्या धंद्यात हे जास्त महत्त्वाचं. रूलला लीड दिसते, बुकिंग दिसत नाही. समजा एका ॲडवर 'रोपांचा आजचा भाव' लिहिलंय, तिची लीड ६० ला पडते, ३००० रुपयांत ५० लीड, त्यातले बहुतेक नुसता भाव विचारून ठेवतात, बुकिंग एक. दुसरी ॲड मृगबागेसाठी जूनची डिलिव्हरी, कमीत कमी एक एकर, असं सरळ सांगते, तिची लीड १३० ला, तेवढ्याच पैशात २३ लीड, पण बुकिंग तीन. सहा बाय पाचवर लावलं तर एकराला चौदाशे-पंधराशे रोपं लागतात, म्हणजे एका बुकिंगचा धंदा केवढा होतो तो तुमच्या मित्राला विचारा. आता भाव १२० च्या वर गेला की बंद असा रूल असता तर त्यानं दुसरी ॲड मारली असती आणि पहिलीला शाबासकी दिली असती. नर्सरीवर फोन कोण करतं, त्याला सांगा प्रत्येक लीडपुढं एकर आणि 'बुक झालं का' एवढं लिहायला. आठवड्यातून एकदा ती वही आणि ॲडचे आकडे जुळवायचे, आणि कुठली ॲड ठेवायची हे त्यावरून ठरवायचं, तो निर्णय रूलकडे द्यायचाच नाही.

आणि कधी सकाळी उठून सगळ्याच ॲड एकदम शून्यावर दिसल्या तर कशालाच हात लावू नका. एक ॲड पडली तर ॲडमधे बघायचं, सगळ्या एकाच वेळी पडल्या तर मोजणीत बघायचं. क्लिक नेहमीसारखे येताहेत आणि लीड शून्य, असं असेल तर फॉर्म स्वतः मोबाइलवर भरून बघा, लीड कुठं अडकली ते पाच मिनिटात कळतं. सात दिवसांची मुदत ठेवण्याचा हा पण फायदा आहे, एका रात्रीच्या बिघाडानं रूल सगळी बाग साफ करत नाही.

तुमच्या अकाउंटचा टाइम झोन कुठला आहे आणि तासाप्रमाणे लीडचा भाव काय निघतो ते टाका, दुपारचे १३० हे मी अंदाजानं धरलेत. तुमच्याकडे दुपार-रात्रीत फरकच नसेल तर मग रोजचे दोन-तीन का पडताहेत याचं दुसरं कारण शोधावं लागेल, बहुतेक एक-दोन ॲड खरंच ढिल्या असतील.